हृदयाचं पंपिंग कमी आणि झोपेची गोळी चालू: पहाटे उठताना भोवळ का येते, ती कशी मोजायची आणि काय बदलून घ्यायचं

हृदय अशक्त असलेल्या माणसाला उभं राहताना चक्कर येऊ लागली की घरात पहिला संशय हृदयाच्या गोळ्यांवर जातो. 'बीपी फार उतरलंय, आज ती गोळी नको' असं म्हणून मेटोप्रोलॉल किंवा सॅक्युबिट्रिल-वालसार्टन परस्पर बंद होते आणि रात्रीची झोपेची गोळी मात्र नेमाने चालू राहते. खरं तर क्रम याच्या उलट हवा. हृदयाच्या गोळ्यांमुळे आयुष्य वाढतं, दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी येते. झोपेच्या गोळीने यातलं काही होत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी काहीतरी कमी करावं असं वाटत असेल, तर आधी रात्रीच्या गोळीकडे बोट दाखवा. ते कसं, हे पुढे पायरीपायरीने सांगितलं आहे.

उभं राहताना शरीर काय करतं

आडवा माणूस उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त क्षणभर कमी होतं आणि बीपी घसरू लागतं. मानेतल्या धमनीत दाबाची जाणीव ठेवणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती लगेच मेंदूला कळवतात, मेंदू नाडी वाढवतो आणि रक्तवाहिन्या आवळतो. हे सगळं काही सेकंदांत होतं, म्हणून निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हृदयविकाराच्या रुग्णात या साखळीचा प्रत्येक दुवा आधीच ओढलेला असतो. पंपिंग कमी असल्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू शकत नाही. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल नाडी वाढू देत नाही. रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वालसार्टन रक्तवाहिन्या सैल ठेवतं. टॉर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइड, म्हणजे पाणी उतरवायची गोळी, शरीरातलं पाणी कमी करते. या गोळ्या विचार करूनच दिलेल्या असतात आणि बहुतेक लोक त्या नीट पेलतात. अडचण होते ती त्यांच्यावर गुंगी आणणारं औषध चढलं की.

गुंगीची औषधं दोन वाटांनी त्रास देतात आणि हा फरक समजून घेणं फार उपयोगाचं आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही तोंडाने घेतलेली औषधं स्वतः बीपी फारसं पाडत नाहीत. ती मेंदूचा प्रतिसाद मंद करतात, स्नायू सैल करतात आणि तोल ढळवतात. बीपी २० अंकांनी घसरलं तर जागा माणूस 'अंधारी आली' म्हणून खाटेला धरतो. गुंगीतला माणूस तसाच चालत राहतो आणि पडतो. ॲमिट्रिप्टिलिन, ट्रॅझोडोन आणि क्वेटिअपिन यांचं तसं नाही. ही औषधं रक्तवाहिन्या आवळणारा संदेशच अडवतात, म्हणून उभं राहताना बीपी खरोखर खाली येतं. पायांची आग, जुनी डोकेदुखी, झोप न येणं अशा कारणांसाठी ती छोट्या डोसमध्ये दिली जातात आणि 'साधी गोळी' म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतात.

गुंगीची औषधं दुसऱ्या नावांनीही घरात असतात

औषधांची पिशवी पालथी करा आणि प्रत्येक पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. कंपनीने दिलेलं नाव नको, आतल्या औषधाचं नाव बघा. पोटात मुरडा येतो म्हणून मिळालेल्या काही गोळ्यांमध्ये क्लोर्डायझेपॉक्साइड असतं, तेही डायझेपामच्याच कुळातलं. सर्दीच्या गोळ्यांमध्ये आणि खोकल्याच्या पातळ औषधांमध्ये क्लोरफेनिरामाइन असतं, ते गुंगी आणतं. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं औषधही असतं, ते हृदयाला वेगळाच ताप देतं. कंबरदुखीसाठीचं ट्रॅमॅडॉल आणि पायांच्या मुंग्यांसाठीचं प्रीगॅबॅलिन हीदेखील गुंगी आणतात. प्रीगॅबॅलिनने पायांवर सूजही येऊ शकते. मग ती हृदयाची समजून पाणी उतरवायची गोळी वाढवली जाते आणि बीपी आणखी खाली जातं. पुरुषांना प्रोस्टेटसाठी रात्री दिलेलं टॅमसुलोसिन गुंगी आणत नाही, पण उभं राहताना बीपी पाडतं. तेही या यादीत लिहा. रात्री दारू किंवा ताडी घेतली जात असेल तर तीही लिहा, संकोच करू नका. झोपेच्या गोळीवर दारू घेतली तर मेंदूचा प्रतिसाद आणखी मंदावतो.

भोवळ कोणत्या वेळी येते, यावरून गोळी ओळखता येते

अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेमचा जोर घेतल्यापासून एक-दोन तासांत सर्वांत जास्त असतो. रात्री दहाला गोळी घेऊन माणूस बारा-साडेबाराला लघवीला उठताना पडला, तर संशय यांच्यावर घ्यावा. क्लोनाझेपाम आणि डायझेपाम शरीरात फार काळ राहतात. क्लोनाझेपामचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे दुसऱ्या रात्रीची गोळी घेताना पहिलीचा अर्ध्याहून जास्त भाग अंगात शिल्लक असतो. रोज घेत गेल्यावर आठवड्याभरात अंगातलं प्रमाण पहिल्या दिवसाच्या सुमारे अडीच पट होतं. डायझेपामचा साठा तर आणखी हळू उतरतो.

म्हणूनच 'गोळी सुरू केली तेव्हा काही झालं नाही, चक्कर तर आता आठ-दहा दिवसांनी यायला लागली, मग गोळीचा काय संबंध?' हा प्रश्न इतक्यांदा ऐकू येतो. संबंध आहेच, आठवडा साठा व्हायला लागतो. म्हाताऱ्या माणसाचं आणि अशक्त हृदयाच्या माणसाचं यकृत ही औषधं आणखी सावकाश निकाली काढतं, कारण यकृताला मिळणारं रक्तच कमी असतं. त्यामुळे ज्या डोसवर तरण्या मुलाची सकाळ मोकळी होते, त्याच डोसवर आजोबा दुपारपर्यंत पेंगत राहतात.

मोजायचं कसं

दंडावर पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या. मनगटाच्या मशीनचा आकडा हात कुठे धरला यावर फार हलतो, ते या कामाला नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. छोट्या पट्ट्याने बीपी खोटंच जास्त दिसतं.

१. सकाळी उठण्याआधी, चहा आणि गोळ्यांआधी मोजा. माणूस ५ मिनिटं शांत आडवा पडलेला असावा. उताणं झोपल्यावर धाप लागत असेल तर पाठीला दोन उशा चालतील, पण रोज तेवढ्याच ठेवा आणि तसं वहीत लिहा.

२. आडवं असताना बीपी आणि नाडी मोजा, लिहा. पट्टा काढू नका.

३. उभं करा. शेजारी एकजण धरायला हवाच आणि मागे खुर्ची किंवा खाट हवी. बोलायचं नाही.

४. उभं राहिल्यावर १ मिनिटाने आणि पुन्हा ३ मिनिटांनी मोजा. दोन्ही वेळा नाडीही लिहा आणि चक्कर, अंधारी, मानेत-खांद्यात दुखणं असं काही वाटलं का तेही लिहा. वाटलं तर तीन मिनिटांचा हट्ट धरू नका, लगेच बसवा. 'उभं राहता आलं नाही' ही नोंदही तितकीच कामाची असते.

इथे सगळ्यात जास्त चुकतं ते उभ्या माणसाच्या हाताकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. हात खाली लोंबकळत असेल तर पट्टा छातीच्या पातळीखाली जातो आणि आकडा काही अंकांनी जास्त दिसतो. जो उतार शोधायचा आहे तो नेमका त्यामुळे लपतो. सोबतच्या माणसाने पूर्ण हात छातीच्या मध्यापर्यंत उचलून आपल्या हातावर टेकवून धरावा. रुग्णाला स्वतःच्या जोरावर हात उचलून धरायला लावू नका. ज्यांची नाडी अनियमित चालते त्यांच्यात ऑटोमॅटिक मशीनचा आकडा एकेकदा भलताच येतो, म्हणून त्यांनी आडवं असताना दोनदा मोजून सरासरी घ्यावी.

असं तीन दिवस सकाळी मोजा. त्याच दिवसांत सकाळच्या गोळ्या घेतल्यावर दोन-तीन तासांनी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त, तर उभं राहताना बीपी पडतं असं समजायचं. नाडीही बघा. बीपी पडूनही नाडी १५ ठोके वाढत नसेल, तर हृदयाची नाडी रोखणारी गोळी किंवा मधुमेहाने बिघडलेले मज्जातंतू ही कारणं डॉक्टरांच्या विचारात येतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. पंपिंग कमी असलेल्या, नीट औषधोपचार चालू असलेल्या माणसाचं बसलेलं बीपी ९५ किंवा १०० असणं आणि त्याला काहीही त्रास नसणं ही बऱ्याचदा चालणारी गोष्ट आहे. ज्या बाई आयुष्यभर १००/६० वर आहेत त्यांचंही तसंच. फक्त बसलेला आकडा पाहून घाबरायचं नाही. इथे महत्त्वाचा आहे उभं राहतानाचा उतार आणि त्याबरोबरचा त्रास.

एक उदाहरण

सोलापूरच्या पूर्वभागात राहणाऱ्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या ६८ वर्षांच्या आजी आहेत असं धरू. पंपिंग ३० टक्के, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात तेवढंच बाहेर पडतं. रोजच्या गोळ्या: सकाळी मेटोप्रोलॉल २५ मिलीग्रॅम आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलीग्रॅम, सकाळ-संध्याकाळ सॅक्युबिट्रिल-वालसार्टन ५० मिलीग्रॅम, आणि टॉर्सेमाइड १० मिलीग्रॅम सकाळी एक, संध्याकाळी सातला एक. पायांची आग होते म्हणून रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलीग्रॅम. झोप येत नाही म्हणून चार महिन्यांपासून रात्री क्लोनाझेपाम अर्धा मिलीग्रॅम. पहाटे पाचला मोरीकडे जाताना दोनदा तोल गेला. दिवसभर पेंग येते. मुलगा म्हणतो, हृदयाची गोळी जड झाली.

सकाळचे आकडे असे आले: आडवं असताना ११२/७०, नाडी ६४. उभं राहिल्यावर १ मिनिटाने ८८/५८, नाडी ६८, डोळ्यांपुढे अंधारी. ३ मिनिटांनी ९२/६०. संध्याकाळी सहाला मात्र आडवं ११८/७२ आणि उभं ११०/७०.

आता हृदयाच्या गोळ्या दोन्ही वेळेला अंगात आहेत, तरी संध्याकाळी उतार फक्त ८ आणि पहाटे २४. मग फरक कशाने पडतो? टॉर्सेमाइडचा जोर ६ ते ८ तास राहतो. सातला घेतलेल्या गोळीने रात्री दोन-अडीचपर्यंत लघवी होत राहते आणि त्यातलं पाणी पहाटेपर्यंत भरून निघत नाही. त्यावर ॲमिट्रिप्टिलिन रक्तवाहिन्या आवळू देत नाही. मेटोप्रोलॉलमुळे नाडी फक्त ४ ठोके वाढते. आणि क्लोनाझेपामच्या गुंगीत पाय कुठे पडतो ते कळत नाही. त्यातच लघवीसाठी रात्रीतून तीनदा उठावं लागतं, म्हणजे धोक्याच्या वेळेतच तीनदा उभं राहणं आलं.

हे आकडे पाहून डॉक्टर काय करतील? त्यांनी हृदयाच्या गोळ्यांना हात लावला नाही. संध्याकाळचं टॉर्सेमाइड दुपारी दोनला आणलं. ॲमिट्रिप्टिलिन बंद केलं. अशक्त हृदयात ते ठोक्यांच्या तालासाठीही चांगलं नसतं, हे दुसरं कारण. पायांच्या आगीसाठी साखर आणि बी-१२ तपासायला सांगितलं. सोबत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासले, कारण पाणी जास्त उतरलं असेल तर तिथे कळतं. क्लोनाझेपाम एकदम तोडलं नाही. पाव मिलीग्रॅमची गोळी लिहून दिली आणि ती अशी उतरवली: दोन आठवडे दीड गोळी, दोन आठवडे एक, दोन आठवडे अर्धी, मग बंद.

दहा दिवसांनी सकाळी आडवं ११४/७०, उभं १ मिनिटाने १००/६४, ३ मिनिटांनी १०४/६६. उतार १४ वर आला. पेंग मात्र अजून आहे, कारण क्लोनाझेपाम अजून अंगात आहे. ती सहा-सात आठवड्यांत सरावी. कोणत्या बदलाने काय सुधारलं हे आकड्यांतून वेगळं दिसतं, म्हणून वही महत्त्वाची.

महिनोनमहिने चाललेली क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नका. त्याने घाबरं होणं, थरथर, झोप पूर्ण उडणं आणि क्वचित फिट येणं असं होऊ शकतं. घाबरं झालं की नाडी वाढते आणि अशक्त हृदयाला ते सोसत नाही. वर दिलेला उतरता क्रम आजींच्या डोसचा आहे, तो तसाच उचलून वापरायचा नाही. उलट टोकाची चूकही होते: पाकीट संपलं म्हणून शेजाऱ्यांकडून एक पट्टी आणायची. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोल्पिडेम ही एच-१ यादीतली औषधं आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसतात आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते.

झोप का येत नाही हे आधी शोधा

हृदय अशक्त असताना झोप न लागणं हा कधीकधी छातीत पाणी भरल्याचाच निरोप असतो. आडवं पडलं की धाप लागते, एक उशी पुरायची तिथे तीन लागतात, रात्री दम कोंडून जाग येते आणि खिडकीत जाऊन बसल्यावर बरं वाटतं. घरचे याला 'झोप येत नाही' म्हणतात आणि झोपेची गोळी आणतात. गोळीने पाणी तर उतरत नाहीच, उलट दम कोंडल्यावर जी जाग यायला हवी तीच मंद होते. विडी-सिगारेटने फुप्फुस खराब झालेल्या माणसात तर श्वासच उथळ होऊन रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. सकाळी उठल्यावर डोकं जड आणि दिवसा न आवरणारी झोप ही त्याची खूण.

यासाठी रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर झोपेचा विषय बाजूला ठेवून आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. वजन स्थिर आहे, धाप नाही, तरीही झोप नाही, तर संध्याकाळनंतरचा चहा, दुपारची लांब झोप आणि रात्रीची पाणी उतरवायची गोळी या तीन गोष्टी आधी बदलून बघाव्यात.

उठताना, मोरीत आणि उन्हाळ्यात

खाटेवरून उठण्याआधी पडल्या पडल्या पावलं वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवा. कुशीवर वळून बसा, पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबा. मग आधार धरून उभं राहा आणि मिनिटभर तिथेच थांबा. चक्कर आली तर ढांगा टाकत खुर्ची गाठायला जाऊ नका, आहे तिथेच खाली बसा. रात्री खाटेजवळ भांडं ठेवणं यात लाजण्यासारखं काही नाही. पुरुषांनी लघवीसुद्धा बसूनच करावी. उकिडवं बसून उठताना बीपी जास्त पडतं, म्हणून कमोडची खुर्ची आणि भिंतीला दांडा बसवून घ्या. फार कढत पाण्याने आंघोळ नको, रक्तवाहिन्या सैल होतात. स्टुलावर बसून आंघोळ करा आणि मोरीला आतून कडी लावू नका.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो. घामाने पाणी जातं, उन्हाने रक्तवाहिन्या सैलावतात आणि हिवाळ्यात नीट बसलेला डोस उन्हाळ्यात जड होतो. म्हणून उन्हाळा लागताच तीन दिवसांची मोजणी पुन्हा करून आकडे डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी घेणाऱ्याने गच्चीवर झोपू नये, रात्री गुंगीत जिना उतरावा लागतो. उलट्या-जुलाब सुरू झाले तर पाणी उतरवायच्या गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून विचारा.

'बीपी लो झालं' म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. अशक्त हृदयात ती घात करते. मिठाने पाणी धरून राहतं, बीपी तासाभरापुरतं बरं दिसतं आणि दोन दिवसांनी पाय सुजून धाप लागते. चक्कर आल्यावर आडवं निजवा, पाय उशीवर घ्या आणि पाच मिनिटांनी बीपी मोजा. आडवं पडल्याने धाप लागत असेल तर पाठीला आधार देऊन बसवा. पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापातच द्या.

कोणत्या वेळी वाट बघत थांबायचं नाही

माणूस हाक मारल्यावर नीट जागा होत नाही, बेशुद्ध पडला, छातीत दुखतंय, धाप वाढलीय, हातपाय गार पडून लघवी कमी झालीय, किंवा वरचं बीपी ९० च्या खाली राहून चक्कर थांबत नाही, तर १०८ ला फोन करा किंवा जवळ असेल त्या दवाखान्यात न्या; सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चोवीस तास तातडीचा विभाग आहे. गार हातपाय आणि सततची पेंग ही नेहमी गोळीचीच गुंगी नसते, हृदय पुरेसं रक्त पोहोचवत नसल्याचंही ते लक्षण असतं, आणि घरी बसून या दोन्हीतला फरक ठरवता येत नाही. जाताना गोळ्यांची सगळी पिशवी आणि बीपीची वही सोबत घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला माणूस डोक्यावर पडला असेल, तर तो उठून बोलू लागला तरी त्याला त्याच दिवशी तपासून घ्या, कारण डोक्यातला रक्तस्राव काही तासांनी, कधी दिवसांनीही जाणवू लागतो.